लॉग ९ : हरवलेली फ्रेम सापडली, आणि लगेच दुसरी उगवली

मागच्या लॉगमध्ये रडलो होतो ते आठवत असेल, की मी बनवत असलेल्या फायटिंग गेममध्ये पैलवानाची खालची लाथ ब्लॉक केल्यावर -४ आहे, म्हणजे ब्लॉक करणारी राणू त्याच्या चार फ्रेम आधी मोकळी होते, राणूचा जॅब ४ फ्रेमचा आहे, तरी जॅब लागत नाही, पैलवान दर वेळी आरामात ब्लॉक करतो. तीन आठवडे गेले यात. काल रात्री सव्वादोनला सापडलं आणि मी एकटाच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या, आईने आतून विचारलं काय झालं, तिला काय सांगणार.

आधी सगळा संशय हातावर घेतला होता. म्हटलं आपणच उशिरा बटण दाबतोय. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, १६.६७ मिलीसेकंद, एवढ्यात माणूस चुकणारच. मग बटणावर संशय, म्हणून शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन नवीन बटणं आणली. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला ओरिजिनल जपानी आहेत, घरी येऊन उघडली तर आतली स्प्रिंग बॉलपेनमधली वाटावी अशी. सहापैकी दोन पहिल्याच दिवशी अडकायला लागली. भावांनो, बटणं घेताना दुकानातच मायक्रोस्विचचा टिक आवाज ऐका, पाकिटावरच्या नावावर जाऊ नका.

पण नंतर डोकं चालवलं की हात मधून काढूनच टाकू ना. राणूला ट्रेनिंग डमी केलं आणि तिला कोड लिहून दिला : ब्लॉकस्टन, म्हणजे ब्लॉक केल्यावर काहीच करता येत नाही तो वेळ, संपल्यावर ज्या पहिल्या फ्रेमला मोकळी होशील त्याच फ्रेमला जॅब. समोरचा पैलवान लाथ मारणार आणि मोकळा झाला की लगेच ब्लॉक धरणार. आता ना हात, ना बटण, ना टीव्हीचा लॅग. पन्नास वेळा चालवलं, पन्नासही वेळा ब्लॉक. बाजू बदलून पाहिल्या, कारण पहिल्या प्लेअरचा कोड आधी चालतो आणि दुसऱ्याचा नंतर, त्यात फ्रेम खाल्ली जाते असा माझा आवडता सिद्धांत होता. तेच. सिद्धांत गटारात.

मग कंटाळून कागदावर मांडलं, वही आणि पेन्सिल घेऊन, एक चौकोन म्हणजे एक फ्रेम. (हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं हे मावसभावाने ऐकवून झालंय, कॉमेंटमध्ये परत ऐकवू नका.) लाथेचे टेबलातले आकडे : स्टार्टअप ७, अॅक्टिव्ह ३, रिकव्हरी १४. स्टार्टअप म्हणजे पाय अजून निघतोय, लागणार नाही. अॅक्टिव्ह म्हणजे हिटबॉक्स चालू, आता लागू शकते. रिकव्हरी म्हणजे पाय परत घेतोय, तोवर पैलवान काहीच करू शकत नाही, ब्लॉकसुद्धा नाही. ब्लॉक करणाऱ्याला १२ फ्रेम स्टन.

आता -४ कुठून येतं ते बघा. लाथ पहिल्या अॅक्टिव्ह फ्रेमला ब्लॉक झाली. त्या फ्रेमनंतर पैलवानाच्या उरलेल्या फ्रेम किती? अॅक्टिव्हच्या २ अजून बाकी, आणि रिकव्हरीच्या १४, एकूण १६. राणू १२ मध्ये सुटते. १२ वजा १६, -४. म्हणजे राणू चार फ्रेम आधी मोकळी. हिटस्टॉप, म्हणजे लागल्यावर दोघं क्षणभर गोठतात ते, दोघांना सारखाच आहे, म्हणून मोजायचाच नाही. आणि नीट बघितलं तर या हिशोबात स्टार्टअप कुठेही नाही!! इथेच माझी ट्यूब पेटली. लाथेचा स्टार्टअप सात असो नाहीतर सतरा, -४ हे -४ च राहणार. म्हणजे लाथ निर्दोष, जो काही घोटाळा आहे तो जॅबच्या '४' मध्ये.

आणि जॅबचा ४ मी कुठून आणला? स्ट्रीट फायटर ६ मधून उचलला, तिथे र्‍यूचा हलका पंच ४ चा. तिथे ४ म्हणजे चौथ्या फ्रेमला लागतो, म्हणजे आधीच्या तीन फ्रेम नुसती तयारी आणि चौथी स्वतः अॅक्टिव्ह, ती पहिली अॅक्टिव्ह फ्रेम स्टार्टअपमध्येच धरलेली. टेकेनवाले दहाचा जॅब म्हणतात तेही तसंच, दहाव्या फ्रेमला लागतो. पण माझा कोड असा होता :

```
state_frame += 1
hitbox_on = state_frame > startup and state_frame <= startup + active
if state_frame > startup + active + recovery: go_idle()
```

`>` आहे बघा. म्हणजे चार फ्रेम पूर्ण तयारी आणि पाचवीला हिटबॉक्स. आकडा त्यांच्या पद्धतीचा, मोजणी दुसऱ्याच पद्धतीची. माझा जॅब खरं तर पाचचा होता. जुन्या गेम्सचे फॅन लोकांनी बनवलेले तक्ते आहेत ना, त्यातले काही या दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असतात, पहिली अॅक्टिव्ह फ्रेम न धरता, त्यामुळे दोन तक्ते शेजारी ठेवले की एकाच मूव्हला एक ४ म्हणतो आणि दुसरा ३, आणि दोघंही बरोबर. वैतागायचं नाही, फक्त तक्त्याच्या वर कुठली पद्धत ते बघायचं. टोटल दिली असेल तर ताडूनही पाहता येतं. तिन्हींची थेट बेरीज टोटलइतकी आली तर पहिली अॅक्टिव्ह वेगळी धरलीये, बेरीज एकाने जास्त आली तर ती स्टार्टअपमध्ये आहे.

आता फ्रेम मोजून दाखवतो म्हणजे कळेल एकाने काय फरक पडतो. माझ्या जुन्या कोडमध्ये लाथ आठव्या फ्रेमला लागायची, राणूचा स्टन ९ ते २०, ती २१ ला मोकळी. जॅबची पहिली फ्रेम २१, पाचवी २५. पैलवानाची शेवटची रिकव्हरी फ्रेम २४. म्हणजे मूठ पोचते त्याच फ्रेमला भाऊ मोकळा आणि ब्लॉक धरून उभा. जॅब खरंच ४ चा असता तर २४ ला पोचला असता आणि थेट तोंडावर.

म्हणूनच मला पहिली अॅक्टिव्ह धरायचीच पद्धत आवडते, कारण मग नियम सोपा : मूव्ह -४ असेल तर ४ किंवा कमीचं काहीही लागतं (पोचत असेल तर, अंतर हा वेगळा वाद आहे). दुसऱ्या पद्धतीत दर वेळी डोक्यात एक मिळवत बसा. खेळताना कोण मिळवणार.

तर रात्री सव्वादोनला मी मोठ्या आनंदात `>` चं `>=` केलं. डमी चालवला, जॅब लागला! हीच ती टाळी. झोपलो.

सकाळी मावसभाऊ आला, दहा मिनिटं खेळला आणि म्हणतो, "दाद्या, ही लाथ आता कशानेपण पनिश होतेय, माझी ५ ची कोपरीपण लागली." म्हटलं शक्यच नाही, -४ ला ५ ची कशी लागेल. लागत होती. डोळ्यासमोर.

आता मागच्या महिन्यात बनवलेली पट्टी कामाला आली. स्ट्रीट फायटर ६ च्या ट्रेनिंगमधला फ्रेम मीटर बघून तशीच बनवली होती, खाली चौकोनांची ओळ, स्टार्टअप हिरवा, अॅक्टिव्ह लाल, रिकव्हरी निळा. लाथ मारली आणि चौकोन मोजले. लाल चार! तीन असायला हवे. एकूण २४, असायला हवे २३. मी हिटबॉक्स एक फ्रेम आधी चालू केला पण बंद करायची जागा आणि शेवट दोन्ही तसेच ठेवले, त्यामुळे सातव्याला सुरू आणि दहाव्यापर्यंत चालू. लागल्यानंतर ३ लाल आणि १४ निळे उरले, १७. १२ वजा १७, -५. मग ५ ची कोपरी लागणारच की. एक फ्रेम इथे मिळवली ती तिथे उधार पडली.

पहिली अॅक्टिव्ह फ्रेम स्टार्टअपमध्ये धरली की ती दोनदा मोजली जाते, म्हणून टोटलमधून एक वजा करायचा : ७ + ३ − १ + १४ = २३. शेवटी असं झालं :

```
hitbox_on = state_frame >= startup and state_frame < startup + active
if state_frame > startup + active - 1 + recovery: go_idle()
```

आता लाथ ७, ८, ९ लाल, १० ते २३ निळे. ब्लॉक -४. ४ चा जॅब लागतो, ५ ची कोपरी लागत नाही. दोन्ही गोष्टी बघायच्या, नुसतं 'लागलं' बघून झोपायचं नाही, हे मी स्वतःलाच सांगतोय.

याच नादात अजून एक मजा सापडली. उठणाऱ्या माणसावर लाथ आधीच मारून ठेवली, मीटी, तर ती पहिल्या लाल फ्रेमऐवजी शेवटच्या लाल फ्रेमला लागू शकते. मग लाल दोन फ्रेम आधीच खर्च झालेल्या, पैलवानाच्या उरल्या फक्त १४. लाथ लागल्यावर समोरच्याला बसणारा स्टन, हिटस्टन, माझ्या गेममध्ये १८ आहे, म्हणजे नेहमीची लाथ +२ आणि मीटी लाथ +४. +४ म्हणजे पुढे ४ चा जॅब कॉम्बोत बसतो! डमीवर करून पाहिलं, काउंटरवर '2 HITS' आलं आणि मी उडालोच. आठव्या फ्रेमला लागली तर +३, तिथे डमी जॅब ब्लॉक करतो. मधली फ्रेम पण नाही, बरोब्बर तिसरीच हवी. हे मी कुठेही लिहिलेलं नाही, आकड्यांतून आपोआप निघालं. लहानपणी दादरच्या पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ खेळताना जो दादा माणसाला उठूच द्यायचा नाही, तो काय करत होता ते आज थोडंफार कळलं, तेव्हा आम्ही म्हणायचो मशीन त्याच्या बाजूने आहे.

एक टूलबद्दल. फोनच्या २४० फ्रेम स्लो मोशनने स्क्रीन शूट करून मोजायचा प्रयत्न पण केला होता, गेमच्या एका फ्रेमला चार फोटो यायला हवेत. माझ्या फोनने कधी तीन दिले कधी पाच, बहुतेक मधले फोटो तो स्वतःच बनवतो. स्वतःचा गेम असेल तर पट्टीच बनवा. आणि गोडो इंजिन वापरणाऱ्यांनी सगळं `_physics_process` मध्येच ठेवा, ते मुळातच सेकंदाला ६० टिक चालतं. `_process` मॉनिटरच्या मागे धावतं, माझ्या ७५ हर्ट्झवर काय झालं ते लॉग ४ मध्ये आहेच.

या आठवड्यात उडी मारून मारायच्या लाथा करणार होतो. ते आता थांबवतो. लिहिता लिहिताच वाटलं की टेबल हाताने भरणंच बंद करावं, डमीने प्रत्येक मूव्ह चालवायची, लाल-निळे मोजायचे आणि टेबल स्वतः लिहायचं, माझा आकडा आणि त्याचा आकडा जुळला नाही तर तिथे बोंब. बत्तीस मूव्ह आहेत, एका रात्रीत होईल. धोबीपछाड मात्र हाताने बघावी लागेल, थ्रोला ब्लॉकस्टनच नाही. मावसभाऊ म्हणतोय मीटी लाथ अन्याय आहे, हिटस्टन १७ कर. १७ केला तर मीटी +३ होते आणि जॅब सुटतो. रविवारी तो घरी येतोय, दहा मॅच खेळून बघू, तोपर्यंत १८ च.