लाल रिपोर्ट आणि एका ओळीचं अनुभवपत्र

शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी निवडलेल्या एका मुलाचा पडताळणी रिपोर्ट सकाळी आला, आणि तो लाल होता. अनुभवाच्या रकान्यात तीन शेरे होते: कालावधी जुळत नाही, मालक जुळत नाही, एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी. मुलगा पैठण तालुक्यातला, मुलाखतीत उत्तम. वर्निअर, हाइट गेज, कंट्रोल प्लॅन सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं दिसत होतं. खोटं बोलणारा वाटला नाही, म्हणून नकार कळवण्याआधी त्याची कागदपत्रं मीच टेबलावर मांडली.

त्याचं अनुभवपत्र एका ओळीचं होतं. 'सदर व्यक्तीने आमच्याकडे जून २०१९ ते मार्च २०२३ या काळात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून समाधानकारक काम केले.' खाली गोल शिक्का आणि एक वेलांटीसारखी सही. सही कुणाची ते नाव नाही, हुद्दा नाही, जावक क्रमांक नाही, कर्मचारी क्रमांक नाही. संपर्कासाठी एक मोबाइल नंबर, तो बंद. वाळूजचा तो कारखाना खरा आहे, पत्रही खरं असणार, पण ते खरं आहे हे पडताळायला त्यात काहीच नव्हतं.

दुसरा कागद पीएफचा. मुलाला बोलावून त्याच्याच मोबाइलवर पीएफच्या पोर्टलवर लॉगिन करायला लावलं आणि `View` मधलं `Service History` उघडलं. तिथे दोन ओळी होत्या. पहिली एका लेबर कंत्राटदाराच्या नावाची: रुजू १० जून २०१९, सोडल्याची तारीख कोरी. दुसरी कारखान्याच्या नावाची: १ सप्टेंबर २०२० ते १८ मार्च २०२३.

"सर, मी पयल्या दिवसापासून त्याच गेटातून आत गेलोय," तो म्हणाला. ते खरंच होतं. पहिले १ वर्ष २ महिने २२ दिवस तो कंत्राटदाराच्या हजेरीवर होता, नंतर कंपनीच्या रोलवर आला. लाइन तीच, सुपरवायझर तोच, पण कागदावर मालक बदलला. पत्र लिहिणाऱ्याने चांगुलपणाने दोन्ही काळ एकत्र करून टाकले आणि तिथेच घोळ झाला. पडताळणी करणारा माणूस मराठवाड्यातल्या कारखान्यांची ही रीत ओळखत नाही. तो पत्रातला मालक आणि पीएफमधला मालक शेजारी ठेवतो, नावं वेगळी दिसली की शेरा मारतो. कंत्राटदाराने सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, म्हणून मुलगा आजही तिथे नोकरीला असल्यासारखा दिसत होता. दोन नोकऱ्यांचा शेरा त्यामुळेच आला होता.

आमच्या जागेला किमान तीन वर्षांचा अनुभव हवा होता. नुसता कंपनीच्या रोलवरचा काळ धरला तर अडीच वर्षांच्या थोडा वर भरतो. म्हणजे कंत्राटदाराकडचा काळ सिद्ध झाल्याशिवाय त्याला घेता येत नव्हतं.

मी त्या कारखान्याच्या बोर्डलाइनवर फोन लावून एचआरच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांची अडचण योग्य होती: कंत्राटदाराकडचा काळ 'आमच्याकडे नोकरी' म्हणून लिहिला तर उद्या तोच कागद कायम नोकरीच्या दाव्यात पुढे येऊ शकतो. म्हणून आम्ही दोन वेगळी पत्रं ठरवली. कंपनीने फक्त आपल्या रोलवरचा काळ लिहायचा. कंत्राटदाराने आपला काळ लिहायचा आणि त्यात 'अमुक कारखान्यात, अमुक विभागात कामावर पाठवले होते' हे वाक्य घालायचं. कंत्राटी कामगाराला असा दाखला देण्याची तरतूद कायद्यातच आहे, तेव्हा कंत्राटदारालाही तो टाळता येत नाही.

कंपनीच्या पत्राचा मसुदा मी फोनवरच सांगितला. वर लेटरहेडवर नोंदणीकृत नाव, पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक. हा २१ अक्षर-अंकांचा क्रमांक कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकला की कंपनी आहे की नाही ते लगेच कळतं, आणि कंपनीचं नुसतं नाव बदललं तरी दुवा तुटत नाही. कंत्राटदाराची प्रोप्रायटरी फर्म असेल तर सीआयएन नसतो. तिथे पीएफचा आस्थापना कोड आणि जीएसटी क्रमांक लिहायचा.

मग जावक क्रमांक आणि पत्राची तारीख. त्यानंतर मुलाचं नाव आधारवर आहे तसंच. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शेवटी 'व्ही' की 'ओ' एवढ्यावरून आमच्याकडच्या जाधवांच्या फायली अडलेल्या मी पाहिल्या आहेत. सोबत कर्मचारी क्रमांक, कारण तिथल्या एचआरला नावापेक्षा क्रमांकावरून नोंद लवकर सापडते.

सगळ्यात जास्त वेळ तारखांवर गेला. त्यांच्या नोंदीत राजीनामा मंजूर झाल्याची तारीख होती, शेवटचा हजेरीचा दिवस १८ मार्च होता आणि हिशेब पूर्ण झाला ३१ मार्चला. पहिल्या पत्रात नुसतं 'मार्च' लिहिल्याने यातली कोणती तारीख धरायची हे वाचणाऱ्यावर सोडलं गेलं होतं. मुलाने बायोडेटात ३१ मार्च लिहिली, पीएफमध्ये १८ होती. कार्यमुक्ती पत्रात म्हणून शेवटचा कामाचा दिवस दिवस-महिना-वर्षासह हवा, तोच पीएफमध्ये हवा, आणि हिशेबाची तारीख हवीच असेल तर वेगळ्या वाक्यात. राजीनामा मंजूर आणि देणं बाकी नाही, ही दोन वाक्यं कार्यमुक्ती पत्राची. रुजू झाल्याचा दिवस, तेव्हाचा हुद्दा, सोडतानाचा हुद्दा, विभाग आणि कामाचं स्वरूप, हे अनुभवपत्राचं. एकाच कागदावर दोन्ही दिलं तरी चालतं, पण यातलं काही गाळून चालत नाही. पगार मी लिहू नका म्हटलं. त्यासाठी पगारपत्रकं असतात.

अप्रेंटिसशिपचा काळ असेल तर तोही नोकरीत मिसळायचा नाही. अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही, त्यामुळे तो काळ `Service History` मध्ये सापडतच नाही आणि पत्र खोटं वाटतं. 'प्रशिक्षणार्थी म्हणून' असं लिहून त्याच्या तारखा वेगळ्या द्याव्यात.

खाली सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, हुद्दा, लँडलाइन आणि कंपनीच्या डोमेनवरचा विभागाचा ईमेल. व्यक्तीच्या नावाचा ईमेल नको. ती व्यक्ती नोकरी सोडते, मेलबॉक्स बंद होतो आणि पत्र मुकं होतं. त्या बाईंनी डिजिटल सही करू का विचारलं. करा म्हटलं, पण मुलाला मूळ पीडीएफ मेल करा. छापलेल्या प्रतीवरची डिजिटल सही तपासता येत नाही.

राहिली कंत्राटदाराची कोरी तारीख. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटले असतील तर कामगार स्वतः `Manage` मधल्या `Mark Exit` मधून ती भरू शकतो. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख मात्र शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातलीच घ्यावी लागते, आणि चुकली तर दुरुस्तीचं वेगळं काम मागे लागतं. आम्ही आधी पासबुक पाहिलं, शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२० च्या पगाराचा होता. कंत्राटदाराला फोन करून शेवटची हजेरी ३१ ऑगस्ट असल्याची खात्री केली आणि मगच मुलाने तारीख टाकली.

कंपनीचं पत्र पाचव्या दिवशी मेलवर आलं. कंत्राटदाराचं आणायला मुलाला वाळूजला दोनदा जावं लागलं, पहिल्यांदा त्यावर कारखान्याचं नावच नव्हतं. दोन्ही पत्रं आणि `Service History` ची नवी प्रत पडताळणीवाल्यांकडे परत पाठवली. नवा रिपोर्ट हिरवा आला. अनुभव ३ वर्षं ९ महिने, मालक दोन, मध्ये खंड नाही.