पीडब्ल्यूएम गाळून १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह: माझा अनुभव

ऑडिओ अॅम्प्लिफायर तपासायला मला १ किलोहर्ट्झची स्वच्छ साइन वेव्ह हवी होती. सिग्नल जनरेटर नव्हता, अर्दुइनो उनो होता. त्यात खरा डॅक नाही, म्हणून पीडब्ल्यूएम वापरून ते फिल्टरने गाळायचं ठरवलं.

टायमर २ मी फास्ट पीडब्ल्यूएममध्ये, प्रीस्केलर न लावता चालवला. १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ भागिले २५६, म्हणजे पल्स ६२.५ किलोहर्ट्झला येतात. प्रत्येक पल्सनंतर इंटरप्ट येतो आणि त्यात साइनच्या किमतींच्या टेबलमधली पुढची किंमत ड्युटी सायकल म्हणून भरायची. इथवर सरळ आहे. पण २५६ घरांचं टेबल एकेक घर पुढे सरकत वाचलं तर एक पूर्ण वेव्ह व्हायला २५६ पल्स लागतात आणि फ्रिक्वेन्सी येते २४४ हर्ट्झ. एक घर सोडून वाचलं तर ४८८, दोन सोडून वाचलं तर ७३२. चारच्या पावलांनी ९७७ आणि पाचच्या पावलांनी थेट १२२१. हवे असलेले १००० कुठेच नाहीत!

यावरचा उपाय फेज अॅक्युम्युलेटर. टेबलातली जागा पूर्णांकात न ठेवता ३२ बिटांच्या मोठ्या संख्येत ठेवायची आणि दर इंटरप्टला तिच्यात ठरावीक पाऊल मिळवायचं. वरचे ८ बिट टेबलातलं घर सांगतात. खालचे २४ बिट म्हणजे हिशेबातली चिल्लर. ती साठत जाते आणि वेळ आली की एखादं जास्तीचं घर पुढे ढकलते. संख्या ओसंडली की आपोआप शून्याजवळ परत येते, वेगळी तपासणी लागत नाही. पाऊल काढायचं सूत्र असं:

```
step = f * 2^32 / 62500
```

१००० हर्ट्झसाठी ते ६८७१९४७७ येतं. १६ बिटांचा अॅक्युम्युलेटर प्रोसेसरला हलका पडतो, म्हणून मी आधी त्याचाही हिशेब करून पाहिला. त्याचं सगळ्यात लहान पाऊल ०.९५ हर्ट्झचं. १००० मागितले तर १०००.४ मिळतात, ते चालेल. पण ५० मागितले तर ४९.६ मिळतात, तिथे चूक जवळपास एक टक्का होते. म्हणून ३२ बिटच ठेवले.

```c
volatile uint32_t step = 68719477UL;
uint32_t phase = 0;
uint8_t table[256];

ISR(TIMER2_OVF_vect) {
  OCR2A = table[phase >> 24];
  phase += step;
}

void setup() {
  for (int i = 0; i < 256; i++)
    table[i] = 128 + round(127 * sin(2 * PI * i / 256));
  pinMode(11, OUTPUT);
  TCCR2A = _BV(COM2A1) | _BV(WGM21) | _BV(WGM20);
  TCCR2B = _BV(CS20);
  TIMSK2 = _BV(TOIE2);
}

void loop() {}
```

`sin()` फक्त सुरुवातीला टेबल भरताना लागतो. इंटरप्टमध्ये त्याला जागा नाही, कारण दोन पल्समध्ये फक्त १६ मायक्रोसेकंद असतात. मला खरी धास्ती होती ती `millis()` चालवणाऱ्या टायमर ० च्या इंटरप्टची. तो अधूनमधून मध्ये येतो आणि आपला इंटरप्ट थोडा उशिरा सुरू होतो. मग वेव्ह थरथरायला हवी, पण थरथरत नाही. फास्ट पीडब्ल्यूएममध्ये `OCR2A` मध्ये लिहिलेली किंमत लगेच लागू होत नाही. ती बाजूला थांबते आणि पुढची पल्स सुरू होताना आत जाते. त्यामुळे पुढच्या पल्सच्या आत केव्हाही लिहिलं तरी चालतं. चालू वेव्हची फ्रिक्वेन्सी बदलायची असेल तर मात्र `step` चे चार बाइट बदलताना इंटरप्ट क्षणभर बंद करावेत. नाहीतर प्रोसेसर ८ बिटांचा असल्याने अर्धी जुनी, अर्धी नवी संख्या उचलली जाते आणि स्पीकरमध्ये ‘टक्’ ऐकू येतं.

प्रोग्रॅम झाला, आता फिल्टर. माझा बहुतेक वेळ इथेच गेला. पिन ११ वर साइन वेव्ह नसतेच, असतात ० ते ५ व्होल्टच्या चौकोनी पल्स. वेव्ह मध्यावर असताना, म्हणजे ड्युटी निम्मी असताना, त्यातला ६२.५ किलोहर्ट्झचा कॅरियर ३.२ व्होल्ट शिखराचा असतो. आपली साइन फक्त २.५ व्होल्टची. म्हणजे कचरा मालापेक्षा मोठा.

आधी १ किलोओहम आणि ३३ नॅनोफॅरड असं एकच आरसी लावलं. त्याची कटऑफ साधारण ४.८ किलोहर्ट्झ. कॅरियर तिच्या १३ पट वर आहे, म्हणून तो जेमतेम तेरावा हिस्सा उरतो: शिखर ते शिखर अर्धा व्होल्ट. स्कोपवर साइन दिसत होती, पण रेषा जाड आणि केसाळ. वेळेचा पट्टा ताणून पाहिला की त्या जाडीत १६ मायक्रोसेकंदांनी येणारे करवतीसारखे दात दिसतात. केसाळपणा गोंगाटाचा आहे की कॅरियरचा, हे त्या १६ मायक्रोसेकंदांवरून लगेच कळतं.

कटऑफ अजून खाली ओढली असती तर १ किलोहर्ट्झलाही मार बसला असता. त्याऐवजी पुढे दुसरा टप्पा जोडला: १० किलोओहम आणि ३.३ नॅनोफॅरड. कटऑफ तीच, पण रेझिस्टर दहापट मोठा, म्हणजे दुसरा टप्पा पहिल्यावर भार टाकत नाही. आता कॅरियर सुमारे १७० पटीने दबतो आणि शिखर ते शिखर ३८ मिलिव्होल्ट उरतो. ८ बिटांची एक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टची असते, त्यामुळे एवढ्यावर मी थांबलो. १ किलोहर्ट्झची साइन यात ५ टक्के घटते, ती मला चालणार होती. १० किलोहर्ट्झ मात्र या फिल्टरमधून पाचव्या हिश्शापेक्षाही कमी बाहेर पडते, म्हणजे हा जुगाड खालच्या फ्रिक्वेन्सीपुरताच. शेवटी २.५ व्होल्टचा डीसी अडवायला अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी एक कपॅसिटर लावला.

आणखी दोन गोष्टी फिल्टरच्या हातातल्या नाहीत. पल्सची उंची म्हणजे बोर्डाचा सप्लाय. तो हलला की साइनची उंचीही हलते, म्हणून खळबळत्या यूएसबी सप्लायवर मोजमाप करू नये. दुसरं म्हणजे उनोवरच्या या प्रोसेसरचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरचं असतं. अॅक्युम्युलेटर लाखांश हर्ट्झचं पाऊल देत असला तरी घड्याळच चार-पाच हर्ट्झ इकडेतिकडे नेऊ शकतं. पाऊल बारीक आहे म्हणून फ्रिक्वेन्सी अचूक आहे असं नव्हे.

नंतर तुलनेसाठी एमसीपी ४९२१ हा १२ बिटांचा एसपीआय डॅक घेतला. ८ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर १६ बिट पाठवायला २ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून तोच इंटरप्ट तसाच चालतो. आयटूसीवरचा डॅक इथे पुरत नाही. ४०० किलोहर्ट्झच्या बसवर एक किंमत पाठवतानाच १६ मायक्रोसेकंद उलटून जातात. एसपीआय डॅकमध्ये इंटरप्टच्या उशिराचा प्रश्न मात्र परत येतो, कारण लिहिलेली किंमत तिथे लगेच बाहेर पडते. म्हणून मी एलडॅक पिन वापरली: इंटरप्ट सुरू होताच आधीची किंमत पिनने सोडायची, मग पुढची भरायची. यामुळे टेबल वाचायला लागणारा वेळ आड येत नाही. टायमर ० मुळे होणारा उशीर उरतो, तो टायमर ० चा इंटरप्ट बंद केला की जातो.

डॅकमधून कॅरियर नसतो, पायऱ्या असतात. त्यांची सावली ६१.५ आणि ६३.५ किलोहर्ट्झला पडते, प्रत्येकी साइनच्या साठाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे २.५ व्होल्टच्या साइनला सुमारे ४० मिलिव्होल्ट शिखर, तेही फिल्टर न लावता. पीडब्ल्यूएमला एवढ्यापर्यंत यायला दोन आरसी लागले होते. डॅकच्या मागे पहिलाच १ किलोओहम आणि ३३ नॅनोफॅरडचा एक टप्पा ठेवला, तर स्कोपवरची रेषा बारीक झाली. अॅम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन मोजायला मी आता डॅक लावतो. आवाज येतोय की नाही एवढंच पाहायचं असेल तर पिन ११ आणि ते चार भाग पुरतात.