पट्टी दोनदा हातातून निसटली, तरी तो म्हणाला मी फ्रेश आहे

मी कॉलेजच्या हेल्थ सेंटरला मेडिकल ऑफिसर आहे. परीक्षेच्या दिवसांत नाइट ड्युटी म्हणजे उलट्या, डोकेदुखी, छातीत धडधड, आणि दार वाजवणारा बहुतेक वेळा पेशंट नसतो, त्याचा रूममेट असतो. त्या पहाटेही तसंच झालं. पावणेपाचला एक मुलगा दुसऱ्याला दंडाला धरून घेऊन आला, म्हणाला मॅडम याचे हात थांबतच नाहीयेत आणि हा म्हणतो मरतोय मी.

पल्स १३२, बीपी १५०/९४, ताप नाही, ऑक्सिजन ९९, साखर ९६. हात पुढे करायला सांगितलं तर बोटं थरथरत होती, बाहुल्या जरा मोठ्या पण उजेड टाकल्यावर नीट लहान होत होत्या. सिस्टरनी लगेच ईसीजी काढला. ठोके जलद पण नियमित, एकही चुकीचा ठोका नाही. तेवढं बघून माझा जीव भांड्यात पडला, कारण अशा वयात एवढी धडधड बघितली की मनात आधी वाईटच येतं.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, औषध काही चालू आहे का? नाही म्हणाला. इथे बाहेरच्यांना कळणार नाही अशी एक गोष्ट सांगते. मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांच्या डोक्यात औषध म्हणजे आजारावरचं. अभ्यासासाठी घेतलेली गोळी ती औषधात धरतच नाहीत. म्हणून मी गेली काही वर्षं प्रश्नच बदललाय, "जागं राहायला काय घेतोस?" असं विचारते. त्यावर तो पटकन बोलला, जणू मी त्याच्या सिलॅबसबद्दल विचारलं. ब्रेनची गोळी, मॅडम. रूममेटने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

मोडाफिनिल, २०० मिलिग्रॅम. दिवसा अचानक झोप लागण्याचा जो नार्कोलेप्सी नावाचा आजार असतो त्याच्यासाठी, किंवा शिफ्ट ड्युटीमुळे झोपेची पार वाट लागलेल्या लोकांसाठी डॉक्टर लिहून देतात ते. याला सीनियरकडून मिळालं होतं. पहिले दोन दिवस सकाळी एक, मग रात्रीही एक. वर रात्री अकरा, एक आणि तीनला कॅफिनची गोळी, प्रत्येकी २०० मिलिग्रॅम. म्हणजे एका रात्रीत ६०० मिलिग्रॅम कॅफिन, आणि निरोगी मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात साधारण ४०० पर्यंत ठीक धरतात. चार रात्रींची झोप मोजली तर तीन तास, दोन, दोन आणि शेवटच्या रात्री शून्य.

राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आला. हा पोरगा दोन दिवसांपूर्वी आमच्याकडेच येऊन गेला होता, डोकं दुखतंय म्हणून. रजिस्टरमध्ये नोंद होती: अशक्तपणा, व्हिटॅमिनचं इंजेक्शन, दोन डोकेदुखीच्या गोळ्या. झोप किती झाली हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. माझ्या सहकाऱ्याला मी नंतर बोलले, तो म्हणाला रांग होती बाहेर. रांग मलाही असते. तो प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात.

उपचार फार काही नव्हता. आतली खोली, दिवे कमी, थोडं थोडं पाणी, मॉनिटर लावून ठेवला, आणि आता यातलं काहीही पोटात जाणार नाही असं बजावलं. कॅफिनचं निम्मं प्रमाण उतरायला साधारण पाच तास लागतात, मोडाफिनिलचं निम्मं उतरायला बारा ते पंधरा. म्हणजे रात्री आठला घेतलेल्या गोळीतली निम्म्याहून जास्त पहाटे पाचला अजून रक्तात फिरत होती. तासाभरात पल्स ११० वर आली आणि लगेच याची भुणभुण सुरू झाली. मॅडम, पेपर दोनला आहे, दोन युनिट राहिलेत, मला सोडा, मी एकदम फ्रेश आहे.

फ्रेश. हा शब्द माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. मी विचारलं, डोकं किती चालतंय, दहापैकी सांग. म्हणाला आठ.

अशा मुलाशी वाद घालून काही होत नाही, म्हणून मी टेबलावरची ३० सेंटीमीटरची पट्टी घेतली. शाळेत सगळ्यांनी केलेला खेळ आहे. मी पट्टी वरून धरते, शून्याचा आकडा तुझ्या अंगठा आणि बोटाच्या मधे, न सांगता सोडते, तू पकड. २० सेंटीमीटरवर पकडली तर पट्टी पडायला सुमारे ०.२ सेकंद लागलेले असतात. आधी रूममेटला करायला लावलं, तो नीट झोपलेला होता. १६, १७, १७. मग याची पाळी. २४. २७. तिसऱ्यांदा पट्टी सोडली आणि ती सरळ जमिनीवर पडली. त्याचे डोळे उघडे होते, पट्टीवरच होते, पण बोटं हललीच नाहीत. पट्टी खाली वाजल्यावर तो दचकला. चौथ्यांदा २३. पाचव्यांदा परत जमिनीवर.

२४ नि २७ ने मला फारशी काळजी वाटली नव्हती, थकलेला माणूस थोडा हळू होतोच, शिवाय हात थरथरत होते. काळजी त्या दोन निसटलेल्या वेळांची. त्याला मायक्रोस्लीप म्हणतात, डोळे उघडे असतानाच मेंदू एक-दोन सेकंद झोपून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. गोळीने त्या वेळा कमी होतात, पण चार रात्रींची उधारी असली की पूर्ण थांबत नाहीत. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोप येते, कॅफिन फक्त ते ज्या जागी जाऊन बसतं त्या जागा अडवून ठेवतं. रसायन तिथेच असतं, वाढतच असतं. आणि मोडाफिनिलचं अजून एक आहे, झोपेविना ठेवलेल्या लोकांवरच्या अभ्यासात असं दिसलंय की ते घेतलेली माणसं आपण जेवढं नीट करतोय त्यापेक्षा जास्त नीट करतोय असं समजतात. ते "आठ" कुठून आलं ते मला तिथे समोर दिसत होतं.

पट्टीने तो गप्प झाला पण मानला नाही. म्हणाला रिअ‍ॅक्शन टाइमवर पेपर नसतो मॅडम. खरंच होतं. मग मी त्याची वही मागवली.

वही मी नीट बघितली, कारण मला कळायचं होतं की ही चार रात्रींची मेहनत गेली कुठे. सोमवारची पानं, म्हणजे गोळ्या सुरू व्हायच्या आधीची, नीटनेटकी होती. बुधवारनंतर प्रत्येक ओळ हायलाइट केलेली, म्हणजे काहीच हायलाइट नाही. आणि थर्मोडायनॅमिक्समधल्या क्लॉसियस-क्लॅपेरॉन समीकरणाचं डेरिव्हेशन तीन वेगवेगळ्या रात्री तीनदा लिहिलेलं, दरवेळी वर तारीख घालून, पहिल्यांदाच भेटल्यासारखं. तिसऱ्या वेळी चौथ्या ओळीत बरोबरचं चिन्ह काढता काढता पेनाची रेघ तशीच खाली घसरत पानाच्या कडेपर्यंत गेली होती आणि पुढच्या ओळीपासून परत अक्षर सुरू. मी त्या रेघेवर बोट ठेवलं, विचारलं हे काय. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, हे मी केलेलं आठवत नाही.

मला थर्मोडायनॅमिक्स येत नाही, म्हणून रूममेटला सांगितलं तूच विचार. सोमवारच्या पानांवरून पाच प्रश्न, चार बरोबर आले, धडाधडा. काल रात्रीच्या पानांवरून पाच, एक अर्धामुर्धा. तीनदा लिहिलेल्या डेरिव्हेशनची सुरुवातच येईना. तेव्हा त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण हे त्याने स्वतःच्या तोंडून ऐकणं गरजेचं होतं.

त्याला मी जे सांगितलं ते असं की वाचलेलं आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं राहतं, आणि गाढ झोपेत मेंदू तेच परत परत उगाळून बाहेरच्या थरात पक्कं करत नेतो. ही गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. गोळी तुला जागं ठेवते, हे काम करत नाही, कुठलीच गोळी करत नाही. १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक शब्द पाठ करायला लावून, मग झोपू देऊन किंवा जागं ठेवून किती उरतं ते मोजलं होतं, तेवढ्याच तासांनंतर झोपलेल्या वेळी कितीतरी जास्त शब्द उरायचे. त्याने विचारलं, फक्त दोनच विद्यार्थी? म्हटलं हो, दोनच, पण त्यानंतर शंभर वर्षं लोक ते तपासतायत. हा प्रश्न त्याने विचारला याचा मला मनापासून आनंद झाला.

झोप मात्र लगेच आली नाही. हे मी आधीच सांगितलं होतं, की रक्तात गोळी आहे, तू तळमळशील. झोपेची गोळी मागितली त्याने, मी दिली नाही, एका रसायनावर दुसरं चढवून दोनला पेपरला पाठवायचं नव्हतं मला. फोन रूममेटकडे, पडदे बंद. सव्वासातला डोळा लागला, सिस्टरनी साडेअकराला उठवलं. पल्स ८८. पट्टी १९, १८, २१, एकदाही निसटली नाही. म्हटलं आता दहापैकी किती? म्हणाला, पाच. पहाटेपेक्षा हात वेगवान झाले होते आणि आकडा खाली आला होता, मला तो आकडा पल्सपेक्षा महत्त्वाचा वाटला.

उरलेली दोन युनिट त्याने उघडली नाहीत, सोमवारची पानं परत चाळली. मी अगदी घाबरत पाठवलं. संध्याकाळी स्वतःहून येऊन सांगून गेला, पहिली तीन युनिट नीट लिहिली, शेवटची दोन जवळपास कोरी, पास होईन बहुतेक. चार तासांच्या झोपेने चार रात्री भरून आल्या असं मी म्हणणार नाही, जे शिरलंच नव्हतं ते परत कुठून येणार.

आमची अभ्यासिका परीक्षेत रात्रभर उघडी असते आणि त्याचं मोठं कौतुक होतं. रात्री बाराला ती बंद करा असं मी लेखी दिलंय, उत्तर आलं की पालक नाराज होतील. गोळ्या देणाऱ्या सीनियरचं नाव त्याने सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. ते खोदायला हवं होतं का याचा विचार मी अजून करते. नाव घेतलं असतं तर पुढचा मुलगा पहाटे पावणेपाचला माझं दार वाजवायला घाबरला असता. नाही घेतलं, तर त्या सीनियरच्या कपाटात पाकिटं अजून आहेत.

पुढच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेदहाला तोच रूममेट परत दारात. माझ्या पोटात गोळा आला. म्हणाला, काही नाही मॅडम, तो झोपलाय, तुमची पट्टी हवी होती, माझी टेस्ट घ्यायचीय, मी पण दोन रात्री जागतोय.