आमची वाटचाल : घंटा बद्द का वाजते

दारावर लावायच्या घंटा, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या आणि छोटे आरसे ही तिन्ही कामं आम्ही करतो. घंटा पुण्यातल्या तांबट आळीच्या परिसरातून घेतो, हूक आणि तारा रविवार पेठेतून. सुरुवातीच्या दिवाळ्यांत विकलेला माल परत यायचा तो बहुतेकदा एकाच तक्रारीने. घंटा दिसते छान, पण बद्द वाजते.

घंटेत दोष नसायचा, दोष आमच्या सजावटीत होता. घंटेचा आवाज तिच्या तोंडाच्या कडेतून निघतो, कारण सगळ्यात जास्त थरथरते ती कडच. आम्ही तिथेच मण्यांची झालर आणि रेशमी गोंडा चिकटवत होतो. गोंडा कडेला टेकला की थरथर तिथेच मरते. आता गोंडा घंटेच्या वर, टांगणीच्या कडीला बांधतो, कड मोकळी. तरी बद्द वाजली, तर घंटा एका बोटावर टांगून नखाने टिचकी मारावी. तेव्हाही आवाज लगेच विझला तर तडा गेलाय, ती बदलून घ्यावी.

दुसरी तक्रार पावसाळ्यानंतर यायची. लोलक सुती दोऱ्याला असायचा. दोरा भिजून-वाळून त्याची लांबी बदलली की लोलक कडेवर लागत नाही आणि घंटा मुकी होते. आता लोलकाला पितळी तारेची कडी घालतो. लोलक कडेवर, अगदी जाड भागावरच आदळला पाहिजे.

खरा प्रश्न मात्र वाऱ्याचा होता. सोसायटीच्या लॉबीत वारा नसतो, आणि चौकटीवरची घंटा दार उघडल्याने हलत नाही. नेपाळमधल्या मंदिरांच्या छपरांना टांगलेल्या घंटांच्या लोलकाखाली पिंपळपानाच्या आकाराचा पत्रा असतो. वारा घंटेला नाही, त्या पानाला ढकलतो. आम्हीही तेच करतो. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पितळी पत्रा, सात सेंटिमीटर लांब, पाच रुंद, तारेने लोलकाखाली. लोलक हलका, आठ-दहा ग्रॅमचा हवा. मग दार उघडताना निघणारी झुळूकही पुरते.

नळ्यांचं गणित वेगळं. नळी वाजताना तिच्यावर दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात, प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. टांगायचं भोक तिथेच हवं. तीस सेंटिमीटर नळीला ६.७ सेंटिमीटरवर, वीसच्या नळीला साडेचारवर. अगदी टोकाला भोक पाडलं, तर दोरा थरथर पिऊन टाकतो. ठोकणारी लाकडी चकती नळीच्या मध्याला लागावी. भोकाची धार कानशीने मऊ करून घ्यावी, नाहीतर तंगूसही महिन्याभरात कापला जातो. मुख्य दाराला नळ्या लावू नका, असंच आम्ही सांगतो. त्या बाल्कनीच्या दाराला शोभतात.

आरशांनी आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. आरसा चौकटीला चिकटवला की तो चमकत नाही, एकाच दिशेला बघत राहतो. तो एका दोऱ्यावर फिरता हवा. एक इंचाचे दोन गोल आरसे पाठीला पाठ लावून जोडतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरायचं नाही, त्यातल्या आम्लाने पाठीचा लेप काळवंडतो. बिनवासाचं, न्यूट्रल सिलिकॉन घ्यावं आणि कडेवरही फिरवावं, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही.

एक चौकट मांडून दाखवतो. आतली रुंदी शंभर सेंटिमीटर, उंची २१३. पाच सेंटिमीटर तोंडाच्या पाच घंटा. पहिली कोपऱ्यापासून १४ सेंटिमीटरवर, पुढच्या अठरा-अठरावर, शेवटी पुन्हा १४ उरतात. दर दोन घंटांच्या मधोमध एक आरसा, म्हणजे चार. घंटेच्या कडेपासून आरशाला पाचेक सेंटिमीटर मोकळी जागा मिळते, तो कडेला आदळत नाही. हुकापासून पानाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर होतात, म्हणजे खाली सहा फूट पाच इंचांच्या आसपास जागा उरते.

हूक चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात, खालच्या बाजूने, पण दाराच्या पात्यापासून किमान चार सेंटिमीटर दूर. सागवानात पितळी हूक थेट पिळला तर मान तुटते. दोन मिलिमीटरचं भोक पाडून आधी तेवढाच लोखंडी स्क्रू फिरवून काढायचा, मग पितळी हुकाला साबण लावून बसवायचा. ग्रॅनाइटच्या चौकटीला चिकटणारे हूक वापरायचे असतील, तर ती आधी स्पिरिटने पुसावी. धुळीवर लावलेला हूक लक्ष्मीपूजनाच्या आतच सुटतो, आणि खाली बहुधा रांगोळी असते!

बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल, तर माप घेताना दोन्ही दारं उघडून बंद करून बघा. दोन दारांमध्ये आठ-नऊ सेंटिमीटरही मिळत नसतील, तर तिथे घंटा लावायला आम्ही नकार देतो. फक्त आरसे देतो.