पॉलिसीतून एक टिक काढली आणि…

ठाण्यात हेल्थ इन्शुरन्सचं काम करतोय, फ्लोटर, म्हणजे अख्ख्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीतलं नाव कमी करणं हे आमच्यासाठी दोन मिनिटांचं काम, पण मार्चमधली ही केस अजून डोक्यातून जात नाहीये. नौपाड्यातलं जोडपं, 2020 पासून 10 लाखांचा फ्लोटर, प्रपोजर, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर तो, नवरा. 11 मार्चला पॉलिसी संपत होती. घटस्फोट झाला होता म्हणून त्याने रिन्यूअलला अ‍ॅपवर बायकोच्या नावापुढची टिक काढली आणि पैसे भरले. माणूस वाईट नाही, त्याला वाटलं आता ती आपलं बघेल. पण अ‍ॅप एका शब्दाने विचारत नाही की या बाईंचं पुढे काय, आणि याचा मला खरंच राग येतो.

29 मार्चला ताईंचा फोन आला. गर्भाशयात फायब्रॉइड, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, आणि हॉस्पिटलच्या डेस्कवर कळलं की कार्ड बंद आहे. त्या म्हणाल्या, "दादा, नवीन पॉलिसी काढून द्या ना लगेच." मी म्हटलं ताई थांबा, नवीन काढली तर फायब्रॉइडला पुन्हा 24 महिने थांबावं लागेल, आणि तुमचा जुना थायरॉइड आहे त्याचं वेटिंगही परत पहिल्यापासून.

वर्षाच्या पॉलिसीला संपल्यावर 30 दिवसांचा ग्रेस पिरियड असतो, तेवढ्यात केलं तर जुनी वर्षं बुडत नाहीत, म्हणजे आमच्या हातात 10 एप्रिलपर्यंतचा वेळ. कागद लागणार होते ते असे: जुन्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी कॉपी, कोर्टाची ऑर्डर आणि प्रपोजर म्हणून नवऱ्याचा एक मेल की हिला वेगळी पॉलिसी कंटिन्यूटीसकट, म्हणजे जुनी वर्षं धरून द्या, माझी हरकत नाही. मेल त्याने दहा मिनिटांत पाठवला, हे सांगायलाच हवं. ताईंना 15 लाखांचं कव्हर हवं होतं, पण जुन्या वर्षांचा फायदा जुन्या 10 लाखांपुरताच मिळतो, वरच्या 5 लाखांना सगळं वेटिंग नव्याने, म्हणून 10 वरच थांबलो.

8 तारखेला पॉलिसी आली. मी सगळ्यात आधी नावासमोरची "पहिल्यांदा कव्हर सुरू" ही तारीख बघतो, क्लेम त्याच्यावरच उभा राहतो. तिथे 8 एप्रिल! ब्रांचमधल्या मुलाने फ्रेश प्रपोजल म्हणून पंच केलेलं. फोनवर "चालतंय सर, सिस्टममध्ये आहे" म्हणाला. चालत नाही. कागद घेऊन ब्रांचला जाऊन बसलो, दोन दिवसांनी मार्च 2020 लिहिलेलं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीचं पत्र, हातात पडलं. मधल्या दिवसांचं कव्हर मात्र कुणालाच परत आणता येत नाही, त्या दिवसांत पोट दुखून अ‍ॅडमिट व्हावं लागलं असतं तर सगळा खर्च खिशातून. ऑपरेशन 22 एप्रिलला झालं, कॅशलेस.

खटकतंय ते वेगळंच. सहा वर्षं निम्मा प्रीमियम ताईंच्या पगारातून जायचा, आणि माझ्या रजिस्टरमध्ये त्यांचा मोबाईल नंबरच नव्हता. रिन्यूअलचे सगळे मेसेज नवऱ्याला. त्याने जानेवारीतच मला सांगितलेलं की आम्ही वेगळे होतोय, आणि मी नुसतं "वाईट वाटलं" म्हणून फोन ठेवला होता.