दोन देश, चार आकडे: तुलनात्मक लाभाचे प्रकरण लिहिताना

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकातले आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्रकरण लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तुलनात्मक लाभाचे सगळे विवेचन एकाच लहान कोष्टकावर उभे करायचे, हे मी आधीच ठरवले होते. एखादा देश सगळ्याच वस्तू दुसऱ्या देशापेक्षा अधिक कार्यक्षमतेने बनवत असला, तरी दोघांनाही व्यापारातून फायदा होऊ शकतो, हे विधान विद्यार्थी सहज पाठ करतात. मात्र ते त्यांना मनातून पटलेले नसते, आणि ते पटवून द्यायचे तर त्यांच्या डोळ्यांसमोर आकडेच हलवून दाखवावे लागतात.

पहिला निर्णय कोष्टकात नेमके काय मांडायचे याचा होता. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली दिलेले मूळ उदाहरण इंग्लंड आणि पोर्तुगाल या देशांचे आहे, आणि त्यात उत्पादन नव्हे, तर लागणारे श्रम दिलेले आहेत. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात व पोर्तुगालला ९०. ठरावीक मद्यासाठी इंग्लंडला १२० आणि पोर्तुगालला ८०. या मांडणीत लहान आकडा असलेला देश अधिक कार्यक्षम ठरतो. नवख्या वाचकाला मात्र मोठा आकडा म्हणजे सरस अशीच सवय असते. म्हणून मी दर कामगारामागचे उत्पादन घ्यायचे ठरवले, आणि ते कोष्टकाच्या मथळ्यातच स्पष्ट लिहिले. आकडे श्रमांचे आहेत की उत्पादनाचे, हे न पाहता गणिताला हात घातला तर संपूर्ण निष्कर्ष उलटा निघतो, आणि उलटा निघाला आहे हे उत्तराकडे पाहून कळतही नाही.

दुसरा निर्णय आकड्यांचा. एक देश दोन्ही वस्तूंत पुढे असला पाहिजे, नाही तर निरपेक्ष लाभाचीच, म्हणजे जो ज्या वस्तूत अधिक उत्पादक त्याने ती बनवावी, हीच गोष्ट पुन्हा सांगितल्यासारखे होते. त्याची आघाडी दोन्ही वस्तूंत सारखी असता कामा नये. शिवाय भागाकार पूर्णांकात यावा, कारण अपूर्णांक आला की वाचकाचे लक्ष अर्थावरून हिशेबाकडे सरकते. बऱ्याच जोड्या तपासून मी पुढील कोष्टक पक्के केले.

एका कामगाराचे एका महिन्याचे उत्पादन

| देश | गहू (पोती) | कापड (तागे) |
|---|---|---|
| क | १२ | ६ |
| ख | ३ | ३ |

प्रकरणाचा मसुदा काही विद्यार्थ्यांना वाचायला दिला आणि कोष्टकाखाली एकच प्रश्न ठेवला: कोणत्या देशाने काय बनवावे? परत आलेल्या पानांवर बहुतेकांनी १२ आणि ६ या दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल काढले होते. एकाने तर ख देशाच्या ओळीवर सरळ रेघ मारली होती. त्यांचे वाचन निष्काळजी नव्हते. ते कोष्टक वरून खाली वाचत होते. गव्हाच्या स्तंभात १२ आणि ३, कापडाच्या स्तंभात ६ आणि ३. दोन्ही ठिकाणी क मोठा. कोण अधिक उत्पादक आहे, या प्रश्नाचे हे अचूक उत्तर आहे, पण कोणी काय बनवावे हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी कोष्टक आडवे वाचावे लागते. क देशाला कापडासाठी ख देशाचे काहीच सोडावे लागत नाही. सोडावा लागतो तो स्वतःचाच गहू.

म्हणून मी त्या जागी भागाकाराचे सूत्र न देता पूर्ण वाक्ये लिहिली. क देशातला एक कामगार महिनाभर गव्हाऐवजी कापडावर लावला, तर ६ तागे मिळतात आणि १२ पोती हातची जातात. म्हणजे एका ताग्यासाठी २ पोती गहू सोडावा लागतो. ख देशात ३ ताग्यांसाठी ३ पोती जातात. म्हणजे एका ताग्यासाठी १ पोते. हाच त्या ताग्याचा संधी खर्च. सूत्र दिले की विद्यार्थी १२ भागिले ६ करायचे की ६ भागिले १२, यात गोंधळतात. ‘इतके मिळाले, इतके गेले’ असे वाक्य लिहायला लावले की हा गोंधळ जवळजवळ नाहीसा होतो. पडताळ्यासाठी गव्हाचा संधी खर्चही काढून पाहावा: क मध्ये एका पोत्यासाठी अर्धा तागा, ख मध्ये एका पोत्यासाठी एक तागा. कापड ख देशात स्वस्त पडते, गहू क देशात. एकाच देशाचा संधी खर्च दोन्ही वस्तूंत कमी आला, तर हिशेब कुठेतरी चुकला आहे असे खुशाल समजावे, कारण तसे होणे शक्यच नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर तत्त्व सांगून झाले असते, पण ‘फायदा’ या शब्दाला पुरावा मिळाला नसता. म्हणून पुढच्या परिच्छेदात कामगार प्रत्यक्ष हलवले. क देशाने कापडावरचे १० कामगार गव्हाकडे वळवले, तर कापड ६० ताग्यांनी घटते आणि गहू १२० पोत्यांनी वाढतो. ख देशाने गव्हावरचे ३० कामगार कापडाकडे वळवले, तर गहू ९० पोत्यांनी घटतो आणि कापड ९० ताग्यांनी वाढते. दोन्ही देश मिळून आता ३० पोती गहू आणि ३० तागे कापड जास्त आहे. एकही कामगार वाढलेला नाही, एकाचेही कौशल्य सुधारलेले नाही, यंत्रसुद्धा तेच आहे. हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने करावा यासाठी मी मुद्दाम जागा कोरी ठेवली, कारण दोन्ही बेरजा एकाच वेळी अधिक येतात हे स्वतः पाहिल्यावर जी खात्री होते, ती कोणत्याही व्याख्येने होत नाही.

वाढीव माल वाटला कसा जातो, हे व्यापाराच्या दरावर अवलंबून असते. एका ताग्याला १ पोत्यापेक्षा कमी मिळत असेल, तर ख देश कापड विकणार नाही. २ पोत्यांपेक्षा जास्त द्यावे लागत असेल, तर क देश ते विकत न घेता घरीच बनवेल. दर या दोन मर्यादांमध्ये कुठेही असू शकतो, आणि नेमका कुठे ठरेल हे एकमेकांच्या मालाला असलेल्या मागणीवर ठरते. आपल्या कोष्टकात ते उत्तर नाही, ही गोष्ट प्रकरणात मी मोकळेपणाने लिहिली आहे. उदाहरणासाठी दीड पोत्याचा दर धरला. क देश आपले कमी झालेले ६० तागे ९० पोती देऊन आणतो, आणि वाढलेल्या १२० पैकी ३० पोती त्याच्याकडे उरतात. ख देशाला त्याची घटलेली ९० पोती परत मिळतात, आणि ६० तागे विकूनही ३० तागे शिल्लक राहतात. दोघांकडेही पूर्वीइतके सगळे आहे, आणि वर काहीतरी आहे.

इथे वर्गात हमखास येणारी शंका मजुरीची असते. ख देशात मजुरी कमी, मग क देशाचा माल टिकेल कसा? आणि लगेच दुसऱ्या बाकावरून उलट शंका येते: क देश इतका पुढे, मग ख देशाचा माल घेईल कोण? दोन्ही शंकांना त्याच चार आकड्यांत उत्तर आहे. क देशाचा कामगार गव्हात चौपट आणि कापडात दुप्पट उत्पादक आहे. त्याची मजुरी ख देशाच्या पाचपट असती, तर दोन्ही वस्तू ख देशातच स्वस्त पडल्या असत्या. दीडपट असती, तर दोन्ही क देशात. व्यापार दुतर्फा चालायचा, तर मजुरीचे गुणोत्तर दोन आणि चार यांच्या मध्येच असावे लागते. दीड पोत्याच्या दराने ख देशाच्या कामगाराचे महिन्याचे ३ तागे साडेचार पोत्यांच्या तोडीचे होतात, तर क देशाच्या कामगाराचे उत्पादन १२ पोती. म्हणजे गुणोत्तर सुमारे २.६७. ख देशाचा कामगार क देशाच्या कामगारापेक्षा गरीबच राहतो, व्यापार ती दरी मिटवत नाही. पण स्वतः गहू पिकवून त्याला ३ पोती मिळत होती, आता कापड विणून साडेचार मिळतात. त्याच्या दृष्टीने तुलना या दोन आकड्यांचीच आहे, आणि हा मुद्दा माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आहे.

सरावासाठी ख देशाची ओळ बदलून ४ आणि २ केली. आता क देश दोन्ही वस्तूंत तिप्पट पुढे आहे, दोन्हीकडे एका ताग्याला २ पोतीच जातात, आणि कामगार कसेही हलवले तरी दोन्ही वस्तू एकदम वाढत नाहीत. फरक कुठून येतो हे या एका उदाहरणाने पुरेसे स्पष्ट होते, म्हणून त्यावर जास्त लिहिले नाही.

मर्यादांवर मात्र सविस्तर लिहिले. वाहतूक खर्च आणि वाढत्या उत्पादनाबरोबर बदलणारी कार्यक्षमता यांचा उल्लेख बहुतेक पुस्तकांत असतो. मला अधिक जाचत होते ते ‘१० कामगार गव्हाकडे वळवले’ हे माझेच वाक्य. कोष्टक असे गृहीत धरते की काल माग चालवणारा माणूस आज शेतात उतरताच १२ पोत्यांचे उत्पादन देतो. तो सुरुवातीला ६ पोतीच देऊ शकला तर? मग क देशात ६० तागे घटून फक्त ६० पोती वाढतात, आणि ते ६० तागे परत आणायला ९० पोती लागतात. क देशाचे ३० पोत्यांचे नुकसान होते. हिशेब बरोबरीत सुटायला बदललेल्या कामगाराने किमान ९ पोती दिली पाहिजेत, कारण तो सोडत असलेल्या ६ ताग्यांची किंमत दीड पोत्याच्या दराने तेवढीच होते. ९ च्या खाली देशाचा तोटा आहे. ९ आणि १२ च्या मध्ये फायदा आहे, पण कोष्टक दाखवते त्यापेक्षा कमी. शिवाय हा फायदा संपूर्ण देशाचा म्हणून मोजलेला आहे. गव्हाच्या कामाशी ज्यांचा कधी संबंधच आला नाही अशा विणकरांच्या वाट्याला त्यातले किती येते, हे दर कामगारामागच्या सरासरीत दिसत नाही.

हा परिच्छेद पुस्तकाच्या संपादकांना प्राथमिक पातळीसाठी जड वाटला, आणि तो तळटीपेत न्यावा असे त्यांनी सुचवले. मी तो मजकुरातच ठेवण्याचा आग्रह धरला आणि बदल्यात व्यापार शर्तींच्या आलेखाचे एक पान काढून टाकले. त्या परिच्छेदाखाली आता विद्यार्थ्यासाठी एक प्रश्न आहे: दर दीडऐवजी सव्वा पोते झाला, तर बदललेल्या कामगाराने किमान किती पोती दिली पाहिजेत? उत्तर साडेसात येते.