ताई आमच्याकडेच असतात

शनिवार, रात्री उशिरा

टीव्ही आत्ता बंद झाला, म्हणजे हॉल आता माझा. माझा दिवाण इथेच असल्यामुळे शेवटचा माणूस उठेपर्यंत पाठ टेकता येत नाही, आणि 'आता उठा रे' असं म्हणवतही नाही. बाबांनी डोंबिवलीत ही जागा घेतली तेव्हा मी चौथीत होते. धाकटा तेव्हा जन्मायचा होता.

मला इथे कुणी त्रास देत नाही, हे आधीच लिहून ठेवते. भावजय चांगली आहे, आणि अडचण नेमकी तिच्या चांगुलपणाची आहे. मी ओट्याशी गेले की 'ताई, तुम्ही बसा, दमून आलात' म्हणते. सगळे चहा नुसत्या कपातून पितात, माझ्या कपाखाली मात्र बशी येते. आई गेल्यावर मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची जागा बदलली. आईची मोहरी मधल्या वाटीत असायची, आता तिथे हळद असते. रोज फोडणी करणाऱ्या बाईने आपल्या हाताच्या सोयीने डबा लावावा हे रास्तच आहे. पण परवा तिला बरं नव्हतं म्हणून मी पोहे करायला घेतले, तर तेल तापून धूर निघेपर्यंत मी मोहरीच शोधत होते. ती आतून उठून आली. 'राहू द्या ताई, मी करते.' झालं!

आज तिच्या माहेरची मंडळी आली होती. माझी ओळख करून देताना ती म्हणाली, 'या ह्यांच्या ताई, आमच्याकडेच असतात.' मनात काही ठेवून म्हणाली नाही, तोंडात बसलंय तिच्या. गंमत अशी की रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख मीच आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून कार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई प्रमुख धरतात. आईचं नाव कमी झालं आणि माझं तिथे लागलं. प्रमुखाला साखरेचा डबा कुठे असतो ते विचारावं लागतं, एवढंच.

पाहुणे गेल्यावर धाकट्याने विषय काढला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, बिल्डर प्रत्येक सभासदाशी वेगळा करार करणार, आणि शेअर सर्टिफिकेट अजून बाबांच्याच नावावर. नॉमिनी तो आहे. 'तू हक्कसोडपत्रावर सही कर, म्हणजे एकच नाव राहील, कटकट नको,' म्हणाला. आवाजात लबाडी नव्हती. त्याला खरंच ती कटकट वाटते.

मी ऑफिसात वारसांच्या फायली बघतच म्हातारी होत चालले आहे, त्यामुळे इथे मला कुणी 'तुम्ही बसा' म्हणू शकत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीला कुणाशी बोलायचं ते कळावं म्हणून तो असतो, वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. बाबांनी स्वतःच्या कमाईतून जागा घेतली, मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळे आई, तो आणि मी असे तीन सारखे वाटे झाले. आईनेही काही लिहून ठेवलं नाही, तिचा तिसरा हिस्सा आम्हा दोघांत गेला. म्हणजे अर्धं अर्धं. 2005 पूर्वी माझ्यासारख्या बिनलग्नाच्या मुलीला वडिलांच्या घरात राहायचा हक्क असायचा, पण भाऊ वाटणी करत नाहीत तोवर आपण होऊन घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम त्या वर्षी काढून टाकलं. हक्कसोडपत्र नोंदवलं, की मी पुन्हा तिथेच जाऊन बसणार, आणि तेही आपल्या हाताने. उद्या त्याचं माझं बिनसलं, किंवा त्याने जागा विकायची ठरवली, तर मी कुठल्या कागदावर बोट ठेवायचं?

'दोन्ही नावं लाव,' मी म्हटलं.

'अगं, तू काय कुठे जाणार आहेस? तुझंच घर आहे.'

'म्हणूनच लाव म्हणतेय.'

तो गप्प झाला. मग म्हणाला, वकिलाला विचारतो. विचारू दे. भावजय आत भांडी लावत होती, तिचा आवाज थांबला होता. तिचीही बाजू मला कळते. लग्न होऊन आल्यापासून तिलाही स्वतःची अशी खोली मिळालेली नाही, मुलं तिच्या कुशीतच मोठी होताहेत आणि हॉलमध्ये कायम नणंद. तीही तिच्या परीने पाहुणीच असेल. पण त्यावर तोडगा म्हणून माझी सही मिळणार नाही.

बिल्डरने दिलेल्या नकाशात दोन बेडरूम आहेत. धाकट्याने त्यावर पेन्सिलीने एकीत 'आम्ही' आणि दुसरीत 'मुलं' लिहिलंय. सोमवारी सेक्रेटरींना भेटून दोन्ही नावांसाठी कुठले फॉर्म लागतात ते विचारते, आई-बाबांचे मृत्यूचे दाखले माझ्याच कपाटात आहेत. आणि नकाशा उद्या सकाळी मागून घेते. भाची दहावीला येईल तेव्हा तिला अभ्यासाला जागा लागणार, ती आणि मी एका खोलीत राहू शकतो, भाचा हॉलमध्ये. त्याला तसाही टीव्ही हवाच असतो.